पंख्याचा वेग आणि टर्बाईनचे गणित



आपल्या सहवीज प्रकल्पाच्या कूलिंग टॉवरला वेग बदलणारी यंत्रणा, म्हणजे ज्याला कामगार मंडळी व्हीएफडी म्हणतात ती, बसवावी अशी सूचना सध्या चर्चेत आहे. सूचना चांगली आहे आणि आमचा तिला पाठिंबा आहे. पण ती ज्या स्वरूपात मांडली गेली आहे, त्या स्वरूपात ती मंजूर करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. तीन पंख्यांपैकी एकाच पंख्याला ही यंत्रणा लावायची आणि टॉवरखालचे पाणी बाराही महिने 32 अंशांवर धरून ठेवायचे, असा तो प्रस्ताव आहे. यात पंख्याच्या मीटरवर बचत दिसेल खरी. पण तेवढीच, किंबहुना त्याहून जास्त वीज जनरेटरवर कमी निघेल. ही गोष्ट सभासदांना नीट समजावी म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे पाणी कशासाठी लागते ते पाहू. टर्बाईनमध्ये काम करून गेलेली वाफ दोन वाटांनी जाते. बरीचशी वाफ मधूनच काढून रस तापवायला आणि आटवायला दिली जाते. उरलेली वाफ शेवटपर्यंत जाऊन कंडेन्सरमध्ये उतरते. तिथे पितळी वा पोलादी नळ्यांतून थंड पाणी फिरत असते; त्या नळ्यांवर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि आत पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होते. पाणी जितके थंड, तितके व्हॅक्यूम चांगले आणि तितकी त्याच वाफेतून वीज जास्त. कंडेन्सरमधून गरम होऊन निघालेले पाणी कूलिंग टॉवरवर जाते, वरून खाली पडताना पंख्याच्या हवेने निवते आणि परत फिरते. (पॅनचे व्हॅक्यूम धरणारे पाणी आणि त्याचा फवारा तलाव ही वेगळी व्यवस्था आहे. तिचा इथे संबंध नाही.)

आता हे पाणी किती थंड होऊ शकते? पुष्कळांची अशी समजूत असते की बाहेर ऊन कडक म्हणजे टॉवरचे पाणी गरम, आणि पाऊस म्हणजे पाणी गार. प्रत्यक्षात उलटे घडते, आणि हे आपल्या घरातल्या माठाला ठाऊक आहे. मे महिन्यात माठातले पाणी गारेगार असते आणि आषाढात तोच माठ नुसता घाम आल्यासारखा ओलसर राहतो. पाणी काही गार होत नाही. कारण पाणी गार होते ते थोडेसे पाणी वाफ होऊन उडून गेल्यामुळे, आणि हवा आधीच दमट असली की उडायला जागा उरत नाही. कूलिंग टॉवर म्हणजे पंखा लावलेला मोठा माठच समजा.

हवेची ही शक्ती मोजायची सोपी पद्धत आहे. थर्मामीटरच्या पाऱ्याच्या टोकाला ओले कापड गुंडाळायचे आणि त्यावर वारा घालायचा. जो आकडा येतो तो ओल्या कापडाचा आकडा. टॉवरचे पाणी या आकड्याच्या खाली कधीही जाऊ शकत नाही. पंखा कितीही फिरवा. आपल्या भागात डिसेंबरच्या पहाटे हा आकडा 11-12 अंशांपर्यंत उतरतो आणि त्याच महिन्यात दुपारी 19 च्या आसपास असतो. मे महिन्यात हवा 40 अंशांवर असली तरी कोरडी असल्यामुळे तो 22 च्या आसपास राहतो. जुलैत हवा फक्त 27 अंश असते, पण ओल्या कापडाचा आकडा 25 वर जातो. टॉवर बांधताना पावसाळ्यातला सर्वांत वाईट आकडा धरून बांधतात. म्हणजे ज्या हवेसाठी टॉवर मोठा केला, ती हवा गळीत हंगामात येतच नाही. हंगामात टॉवरची ताकद गरजेपेक्षा बरीच जास्त असते आणि पंखे मात्र पूर्ण वेगाने वीज खात राहतात. व्हीएफडीला वाव आहे तो इथे.

पंख्याचे एक गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. वेग निम्मा केला तर हवा साधारण निम्मी होते. पण वीज निम्मी लागत नाही, एक अष्टमांश लागते. वेग 80 टक्के केला तर वीज 51 टक्क्यांवर येते, आणि 60 टक्के केला तर जेमतेम 22 टक्क्यांवर. म्हणूनच तीन पंख्यांपैकी एक बंद करून दोन पुरे फिरवणे आणि तिन्ही पंखे सारख्या कमी वेगाने फिरवणे यात मोठा फरक पडतो. दोन पंखे पुऱ्या वेगाने फिरवले तर दोन पंख्यांची वीज लागते. तेवढीच हवा तिन्ही पंख्यांनी दोन तृतीयांश वेगाने घेतली तर एका पंख्याहूनही कमी वीज लागते. शिवाय पंखा बंद असलेल्या कप्प्यातून पाणी पडत राहिले, तर ते पुरेसे न निवता खाली येते आणि बाकीच्यांचे थंड पाणी कोमट करते. एकाच पंख्याला यंत्रणा लावून दोन पंखे जुन्या पद्धतीने ठेवले, तर हा सगळा फायदा हातचा जातो. यंत्रणा लावायची तर तिन्ही पंख्यांना लावा आणि तिन्ही एका वेगाने चालवा, हे आमचे पहिले म्हणणे.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे 32 अंशांकडे वळू. हा आकडा आला कुठून? तो टॉवरच्या कागदावरचा आकडा आहे. ओल्या कापडाचा आकडा 27 असताना पूर्ण भारावर टॉवरने 32 अंशांचे पाणी द्यावे, अशी ती हमी असते. हमीचा आकडा म्हणजे चालवायचा आकडा नव्हे. सर्वांत वाईट दिवशी इतके तरी मिळावे, एवढाच त्याचा अर्थ.

समजायला सोपे जावे म्हणून आपण एक नमुना हिशोब मांडू. आकडे गोल धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते मोजूनच ठरवायचे. समजा टॉवरला तीन पंखे आहेत आणि पूर्ण वेगाने प्रत्येक पंखा 50 किलोवॅट, म्हणजे तिन्ही मिळून 150 किलोवॅट घेतात. हंगाम संपल्यावर शिल्लक बगॅसवर टर्बाईन चालते तेव्हा कंडेन्सरवर तासाला 60 टन वाफ उतरते, असे धरू. इतक्या वाफेला थंड पाण्याचा एक अंश म्हणजे जनरेटरवर सुमारे 60 किलोवॅट धरले, तर फारसे चुकणार नाही. हंगामात बहुतेक वाफ रसाकडे जात असल्यामुळे कंडेन्सरवर तासाला 20 टनच वाफ उतरते. तेव्हा त्याच एका अंशाची किंमत 20 किलोवॅट.

प्रथम मे महिना घ्या. ओल्या कापडाचा आकडा 22, भार पूर्ण. पंखे पुरे फिरले तर पाणी समजा 28 अंशांचे मिळते. प्रस्तावाप्रमाणे यंत्रणा 32 धरायला निघाली, तर ती म्हणेल की पाणी चार अंश जास्तच थंड आहे, आणि पंखे सुमारे 70 टक्के वेगावर आणून ठेवेल. पंख्यांची वीज 150 वरून 51 वर आली, म्हणजे 99 किलोवॅट वाचले. मीटर बघणारा खूष! पण तिकडे चार अंश गरम पाण्यामुळे व्हॅक्यूम पडले आणि जनरेटरने 240 किलोवॅट कमी दिले. दर तासाला 141 युनिटांचा तोटा झाला, आणि त्याचा हिशोब कुठल्याच एका वहीत दिसणार नाही. कारण पंख्याची वही वेगळी आणि जनरेटरची वही वेगळी. शंभर वाचवले आणि अडीचशे घालवले, असा हा व्यवहार. पूर्ण भारावर मे ते जुलै पंखे पुऱ्या किंवा जवळजवळ पुऱ्या वेगानेच चालले पाहिजेत. तिथे व्हीएफडीने हात आखडता घेण्यातच शहाणपण आहे.

आता डिसेंबर घ्या. कंडेन्सरवर फक्त 20 टन वाफ, हवा कोरडी. पहाटे ओल्या कापडाचा आकडा 12 असताना पंखे पुरे फिरवले, तर पाणी समजा 16 अंशांवर जाईल. मग एक अंशाचे 20 किलोवॅट म्हणून ते फायद्याचे असे वाटेल. पण तसे होत नाही. व्हॅक्यूमला एक तळ असतो. कंडेन्सरमध्ये बारीकसारीक फटींतून शिरणारी हवा इजेक्टर बाहेर खेचतो. त्याची खेचण्याची ताकद एका मर्यादेनंतर संपते. त्यापुढे पाणी कितीही गार केले तरी व्हॅक्यूमचा काटा हलत नाही. उलट वाफेचे झालेले पाणी नको तितके गार होते आणि बॉयलरला पाठवण्याआधी ते पुन्हा तापवावे लागते. समजा आपल्या कंडेन्सरचा हा तळ हंगामातल्या भाराला 26 अंशांच्या पाण्यावर लागतो. मग 26 च्या खालचा प्रत्येक अंश फुकट. पहाटे 40 टक्के वेगाने पाणी 22 वर राहते, आणि तिन्ही पंखे मिळून 10 किलोवॅटही खात नाहीत. दुपारी वेग 50 टक्क्यांच्या आसपास येतो आणि लागतात 19 किलोवॅट. जनरेटर मात्र तेवढीच वीज देतो. हीच ती खरी बचत.

आणि याच डिसेंबरात 32 अंश धरून बसले तर? पंख्यांची वीज दहा-वीस किलोवॅटवरून आणखी थोडी खाली येईल, म्हणजे वाचायला उरले आहे तरी किती? पण पाणी 26 ऐवजी 32 झाल्याने जनरेटरवर सहा अंशांचे 120 किलोवॅट जातील. म्हणजे 32 चा आकडा उन्हाळ्यातही नडतो आणि हिवाळ्यातही नडतो.

हंगामातल्या बचतीचा आकडा फुगवून सांगणे आम्हांला पसंत नाही. पूर्ण वेगाशी तुलना केली तर 130 ते 140 किलोवॅट वाचतात असे दिसते. पण पाळीवरची जाणती माणसे आजही थंडीत एखाद-दुसरा पंखा बंद ठेवतातच. पहाटे एक पंखा चालू ठेवला तर 50 किलोवॅट, दुपारी दोन चालवले तर 100. त्यांच्याशी तुलना केली तर बचत पहाटे 40 आणि दुपारी 80, सरासरी 60 किलोवॅट. 130 दिवसांच्या हंगामात ती 1 लाख 87 हजार युनिट होते. युनिटला 4 रुपये 75 पैसे धरले तर साधारण 8 लाख 90 हजार रुपये. यंत्रणेची किंमत निविदेतून कळेल. ती या आकड्याशी ताडून पाहावी, फुगवलेल्या आकड्याशी नव्हे. तसेच पाणी वाचेल अशी आशा कोणी दाखवली तर तीही धरू नये. वाफेची उष्णता बाहेर टाकायची म्हणजे जवळपास तितकेच पाणी उडणार. पंखा हळू फिरला म्हणून उष्णता कमी होत नाही.

मग योग्य आकडा कसा ठरवायचा? त्यासाठी बाहेरचा तज्ज्ञ लागत नाही. एक स्थिर रात्र आणि चार वह्या लागतात. गाळप, बॉयलरचा दाब आणि मधून काढलेली वाफ स्थिर ठेवायची. पंखे पुऱ्या वेगावर ठेवून पाणी एका जागी स्थिरावेपर्यंत, साधारण अर्धा तास, थांबायचे आणि चार आकडे लिहायचे: थंड पाण्याचे तापमान, व्हॅक्यूम, जनरेटरचे किलोवॅट आणि पंख्यांचे किलोवॅट. मग वेग दहा टक्क्यांनी उतरवायचा, पुन्हा अर्धा तास थांबायचे, पुन्हा लिहायचे. सुरुवातीला वेग उतरला तरी व्हॅक्यूम हलणार नाही. ज्या पायरीला ते पडू लागेल, ती आपली सीमा. जनरेटरच्या किलोवॅटमधून पंख्यांचे किलोवॅट वजा करून जिथे शिल्लक सर्वांत जास्त, तिथले पाण्याचे तापमान हा आपला आकडा. थंडीत पुरा वेग उतरवूनही व्हॅक्यूम हलले नाही, तर हीच चाचणी फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी करावी. भार वाढला की ही सीमा खाली सरकते. म्हणून हंगामाचा आकडा वेगळा आणि हंगामानंतरचा वेगळा, असे दोन आकडे लागतील. एकदा आकडा दिला की पुढचे काम यंत्रणा करते. पाणी आकड्याच्या वर जाऊ लागले की वेग वाढवते, खाली जाऊ लागले की कमी करते. पहाटेच्या गारठ्यापासून दुपारच्या उन्हापर्यंत, आणि मधेच अवकाळी पाऊस येऊन हवा दमट झाली तरी, पाळीवाल्याला पंखे चालू-बंद करीत बसावे लागत नाही.

यात तीन ठिकाणी घोटाळा होतो, तो आधीच सांगून ठेवतो. पहिला, तापमान मोजणारा सेन्सर एका कप्प्याच्या कोपऱ्यात बसवला तर तो त्याच कप्प्याचे पाणी सांगतो. तो पंपाकडे जाणाऱ्या सामाईक वाटेवर, सगळे पाणी मिसळल्यानंतर हवा. आणि कुंडीत पाणी पुष्कळ असल्याने वेग बदलल्याचा परिणाम दिसायला कित्येक मिनिटे लागतात. यंत्रणा उतावळी ठेवली तर ती आधी जोरात धावते, मग एकदम मंदावते आणि झोके घेत राहते. पंख्याचा वेग दर दहा-पंधरा मिनिटांनी वर-खाली होताना दिसला, तर समजावे की यंत्रणेचा उतावळेपणा कमी करायला हवा.

दुसरा घोटाळा गिअरबॉक्सचा. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये दाते तेल उडवतात आणि त्यावरच वरच्या बेअरिंगला तेल मिळते. वेग फार कमी झाला की तेल वर पोहोचतच नाही. म्हणून सर्वांत कमी वेग किती चालेल हे गिअरबॉक्स बनवणाऱ्याकडून लेखी घ्यावे आणि त्याखाली यंत्रणा जाऊ शकणार नाही असे बांधून ठेवावे. आमच्या हिशोबात आम्ही 40 टक्के धरले आहेत ते यासाठीच. तसेच एखाद्या ठरावीक वेगाला पंखा थरथरत असेल तर तेवढा वेग वगळून पुढे जाण्याची सोय यंत्रणेत असते. ती चालू करताना वापरावी.

तिसरा घोटाळा जास्त फसवा आहे. कंडेन्सरच्या नळ्यांत क्षार धरला की थंड पाणी अगदी ठरल्या अंशावर असूनही व्हॅक्यूम पडते. मग कोणीतरी आकडा दोन अंश खाली करतो, पंखे जोरात फिरतात, काटा सावरतो आणि क्षार झाकला जातो. हे ओळखायची खूण सोपी आहे. कंडेन्सरमधल्या वाफेचे तापमान आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान यांतले अंतर रोज लिहावे. त्याच भाराला नळ्या स्वच्छ असताना ते तीन ते पाच अंश असेल आणि हळूहळू आठ-दहावर गेले, तर दोष नळ्यांचा किंवा आत शिरणाऱ्या हवेचा आहे; पंख्याचा नाही. नळ्या घासायच्या सोडून पंखा पळवणे म्हणजे दुखणे पोटाला आणि मलम पायाला.

म्हणून आमची संचालक मंडळाला आग्रहाची विनंती अशी. यंत्रणा तिन्ही पंख्यांना बसवावी आणि ती बिघडली तर पंखा पूर्वीसारखा थेट चालवण्याची सोय ठेवावी. 32 चा आकडा निविदेतून काढावा आणि आपल्याच चाचणीतून आलेले दोन आकडे, हंगामाचा आणि हंगामानंतरचा, वहीत लिहून त्यावर चालवावे. आणि बचतीचा अहवाल वार्षिक सभेत मांडताना नुसती पंख्यांची वीज मांडू नये. जनरेटरची वीज वजा पंख्यांची वीज, अशी एकच शिल्लक मांडावी. सभासदांनीही सभेत हाच एक आकडा विचारावा. बाकीचे आकडे त्याच्या पोटात आपोआप येतात.